सही पोराची, फी बापाची

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. या वयात जग जिंकता येतं; पण कागदावर केलेली सही मात्र कायदा हिशेबात धरत नाही! अठरा पूर्ण नसतील तर १८७२च्या करार कायद्याप्रमाणे करार करण्याची पात्रताच नाही. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी खटल्यात ठणकावून सांगितलं, की असा करार मुळातच रद्दबातल. पोरगं अठराचं झाल्यावर ‘मला मान्य आहे’ म्हणालं तरी तो जिवंत होत नाही. नवा करारच करावा लागतो.

तेव्हा महाबळेश्वर-पाचगणीच्या थंड हवेत एखादी अकादमी पंधरा वर्षांच्या पोराकडून ‘मध्येच सोडणार नाही, पुढच्या बक्षिसांत वाटा देईन’ असं लिहून घेत असेल, तर तो कागद खुशाल फ्रेम करून लावावा. कोर्टात त्याने पोराला बांधता येणार नाही.

मग बाप अडकतो का? केवळ बाप आहे म्हणून नाही. पण ‘पालकाची सही’ या रेघेवर सही ठोकण्याआधी वरचा मजकूर वाचावा. तिथे नुसती संमती असेल तर गोष्ट वेगळी; ‘फी मी भरीन’ असं असेल, तर तो बापाचा स्वतःचा करार झाला. मग पोराचं वय सांगून सुटका नाही. करार मोडल्याच्या दंडाचा आकडा मात्र छापला तेवढा सगळा मिळतोच असं नाही. कोर्ट त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देतं.

कायदा पोराची ढाल आहे खरा, पण ती त्याच्याच डोक्यात बसू शकते. राजरानी या अल्पवयीन मुलीच्या वतीने वडिलांनी निर्माते प्रेम अदीब यांच्याशी सिनेमात काम करण्याचा करार केला. हे अदीब म्हणजे ‘रामराज्य’मधले राम, पडद्यावरचे एकवचनी! त्यांनी करार मोडला म्हणत राजरानीने भरपाई मागितली. मुंबई हायकोर्टाचा निकाल असा: करार मुलीचा मानला तर ती अज्ञान, म्हणून रद्द. वडिलांचा मानला तरी रद्द, कारण मुलीने काम करण्याच्या ज्या वचनावर तो उभा, त्या वचनाचीच कायद्यात किंमत शून्य. हाती काही आलं नाही.

पोराने आपल्या वाट्याचं आधीच पुरं केलं असेल, फी पूर्ण भरली असेल, तर मात्र अकादमीला ‘करारच रद्द’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

म्हणून पालकहो, करार स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पैशांवर करा. फी महिन्यामहिन्याने ठेवा, मध्येच सोडलं तर परतावा किती ते लिहून घ्या, आणि पोराच्या भावी कमाईवरचं कलम सहीआधी खोडा. पोराला सही ठोकायचीच असेल, तर ती चाहत्यांच्या वहीत ठोकू द्या.