शब्दांमधली फट

इंग्रजीत दोन शब्द जोडून लिहायचे की तोडून, हे बहुधा कानाला कळत नाही; बोलताना मधली फट ऐकू येत नाही. ‘अ लॉट’ म्हणजे पुष्कळ. हे दोन शब्द घाईत ‘अलॉट’ असे चिकटतात, आणि स्पेलचेक मदतीला धावून त्यात आणखी एक ‘एल’ घुसवतो. त्यातून तयार होतो तो वाटप करण्याचा ‘अलॉट’, म्हाडाच्या सोडतीत सदनिका होते तो. ‘थँक्स अलॉट’ लिहिलेल्या पत्रात मग आभारांचे रीतसर वाटप झालेले असते. मुळात दोघे एकाच घरातले: लॉट म्हणजे वाटणीसाठी टाकायची चिठ्ठी, आणि लॉटरीही तिथलीच.

‘इन केस’ जोडला तर स्पेलचेक कित्येकदा गप्पच बसतो, कारण ‘इनकेस’ हे क्रियापद कोशात आहे. पेटीत किंवा आवरणात बंद करणे हा त्याचा अर्थ. पाऊस आलाच तर असावी म्हणून छत्री आठवणाऱ्याने पावसालाच पेटीत घातलेले असते.

फट खरी आहे की नाही, हे पाहायला तिच्यात आणखी एक शब्द सरकवून बघावा. ‘अ होल लॉट’ होते, ‘इन एनी केस’ होते. म्हणजे तिथे जागा आहे. ‘एव्हरी सिंगल डे’ होते तेव्हा अर्थ ‘दररोज’ आणि शब्द दोन. ‘एव्हरीडे क्लोद्स’ म्हणजे रोजच्या वापरातले कपडे. इथे मध्ये काही घुसत नाही, म्हणून विशेषण एकसंध. उशीर होण्याची शक्यता कळवणारा कर्मचारी साहेबांना ‘आय मेबी लेट’ लिहितो. जोडलेल्या ‘मेबी’चा अर्थ ‘कदाचित’. तो घातला की ‘मी कदाचित उशिरा’ एवढेच उरते, क्रियापद गायब. ‘आय मे वेल बी लेट’ मात्र चालते. म्हणजे तिथे ‘मे’ आणि ‘बी’ वेगळे हवेत.

ही चाचणी सापडलेल्या माणसाचे पुढे काही खरे नसते. ‘फ्रेश एव्हरीडे’ या पाटीखाली तो मनातल्या मनात फट पाडत उभा राहतो आणि ज्या कोथिंबिरीसाठी आलेला असतो ती संपते. जग आपल्यामुळे शुद्ध होत आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. असे लेख लिहिणारे याच जातीचे.

त्याचा माज उतरवायला ‘अंपायर’ पुरे आहे. हा शब्द मुळात ‘नंपायर’सारखा होता, जुन्या फ्रेंचमध्ये अर्थ ‘जोडीतला नसलेला’, म्हणजे दोन पक्षांबाहेरचा तिसरा. ‘अ नंपायर’ म्हणता म्हणता लोकांनी ‘न’ अलीकडे ओढला, ‘अ’चा ‘अ‍ॅन’ झाला आणि पंच उघडा पडला. ‘एप्रन’ही पूर्वी ‘नेप्रन’ होता. उलट ‘निकनेम’ने शेजाऱ्याचा ‘न’ पळवला. तो आधी ‘एकनेम’, म्हणजे जादा नाव. ‘ऑरेंज’चा ‘न’ इंग्रजीत येण्याआधीच, युरोपच्या दुसऱ्या भाषांत गळाला होता. संस्कृत नारंग फारसी-अरबीमार्गे तिकडे गेले आणि वाटेत डोके गमावून बसले. मराठीने ‘नारिंग’ नकारासकट जपले आहे, आणि नागपूरने ही भानगडच नको म्हणून संत्रे पसंत केले. तेव्हा जगातले सगळे अंपायर चुकीच्या फटीतून मैदानावर उतरले आहेत, आणि तरीही त्यांचा निर्णय अंतिम असतो.

‘अनदर’ हा तर ‘अ‍ॅन’ आणि ‘अदर’ यांचा उघड जोड. त्याला कोणी ‘अलॉट’सारखी लाल रेघ मारत नाही, कारण त्याची चूक शतकांपूर्वीच पचली. ‘टुडे’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत संयोगचिन्हासह छापला जात असे. चाचणीही इथे लटपटते: बोलताना लोक ‘अ होल नदर’ म्हणतात, म्हणजे जोडलेल्या शब्दातही फट पाडतात, तीही चुकीच्या जागी.

मराठीतून आलेल्याला जोडण्याची सवय शाळेतच लागते. ‘घरासमोर’, ‘त्यामुळे’ असे शब्दयोगी अव्यय मराठीत आधीच्या शब्दाला चिकटते. हिंदीत ‘घर के सामने’ सुटे राहते. त्यामुळे मराठी हाताला ‘इन केस’मधली फट अनाठायी वाटली, तर त्यात अडाणीपणा नाही. परगावी शिकणाऱ्या मुलीचा ‘मिस यू अलॉट’ असा निरोप येतो, तेव्हा शुद्धलेखनवाल्या बापाचे बोट आधी दुरुस्तीकडे जाते. पोरीला आठवण येते आहे, हे दुसऱ्या वाचनात कळते. तोवर दुरुस्ती पाठवून झालेली असते, आणि पलीकडून फक्त ‘ओके’ येते.

प्रमाण इंग्रजीत ‘अलॉट’ अजून चूकच धरला जातो. अर्जात, परीक्षेत आणि छापील मजकुरात तो तोडूनच लिहावा. घरच्या निरोपात कोणी जोडला, तर आधी उत्तर द्यावे.