सहा ग्रॅम बेपत्ता

फ्लेक्सवर माझे पाय आले नव्हते, पोट मात्र पूर्ण आलं होतं. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पारशिवनीच्या चौकात लागला, त्यात खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मीही होतो. फोटो बाजूनं काढलेला. रामटेकच्या रस्त्यानं येणारी एसटी वळताना प्रत्येक प्रवाशाला आधी माझं पोट दिसायचं, मग वाढदिवस कुणाचा आहे ते. तीन दिवस मी चौक टाळून मागच्या गल्लीनं दूध आणलं. चौथ्या दिवशी वाऱ्यानं फ्लेक्स फाटला, तो नेमका माझ्या गळ्यापाशी. पोट तसंच राहिलं.

नागपूरला जिममध्ये जाणारा पुतण्या म्हणाला, "काका, तळण बंद करा. अंडी उकडून खा. आणि तुपातली भुर्जी तर विसरूनच जा."

आता कुणी मला 'विसरून जा' म्हटलं, की माझ्यातला विज्ञानशिक्षक जागा होतो. पस्तीस वर्षं पोरांना 'निरीक्षण, नोंद, निष्कर्ष' घोकून घेतलेला माणूस मी. पुतण्याच्या तोंडच्या गोष्टीवर भुर्जी सोडू? इतवारीतून एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणला, जुन्या हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले आणि सौ.ला सांगितलं, की उद्यापासून ओट्यावर प्रयोग चालू आहे.

"काय मोजून राह्यले जी सकाळी सकाळी?" ती म्हणाली. "अंड्याचं वजन वाढलं तर कोंबडीला सांगाल का?"

पहिला दिवस उकडलेल्याचा. दोन अंडी टरफलासकट 112 ग्रॅम भरली, टरफलं 12, म्हणजे आत शंभर. इतका गोल आकडा पाहून मला तो शुभशकुन वाटला. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात शंभर ग्रॅम कच्च्या अंड्याच्या 143 कॅलरी दिल्या आहेत. पण त्याच तक्त्यात उकडलेल्याच्या 155 दिसल्या, तेव्हा मी दचकलो. पाण्यात तर कॅलरी नसतात, मग बारा आल्या कुठून? बराच वेळ डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, की ती अंडी वेगळी, ही वेगळी, आणि अंड्यात पाणी जरा कमी-जास्त असलं तरी शंभर ग्रॅममागचा आकडा हलतो. अंडं तेच असेल तर उकडून काही वाढत नाही. म्हणून शंभर ग्रॅमचा हिशेब सोडायचा आणि दोन अंड्यांचा धरायचा. तव्यावरचं अंडं पाणी उडून हलकं होतं, म्हणून त्याचा शंभर ग्रॅममागचा आकडा फुगतो. त्यातली सगळीच फूग तेलाची नसते. हे मी पुतण्याला फोनवर समजावलं. तो "हो काका" म्हणाला. मागे वजनं आपटल्याचा आवाज येत होता.

उकडलेल्याचं उत्तर: 143. यातल्या एकशे दहाच्या आसपास पिवळ्या बलकात असतात, म्हणून पुढचा आठवडाभर प्रयोगाबाहेरच्या अंड्यांचं मी नुसतं पांढरं खाल्लं. पांढरं खाताना माणसाला आपण फार शिस्तीचे आहोत असं वाटतं. चवीला ते त्या शिस्तीसारखंच लागतं.

आता तेल आणि तूप. यात वादाला जागाच नाही. स्निग्ध पदार्थ कुठलाही असो, ग्रॅमला नऊ कॅलरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲटवॉटर नावाच्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं चार-नऊ-चार असा हिशेब बसवला: प्रथिनांना चार, स्निग्धाला नऊ, पिष्टाला चार. आजही पाकिटांमागचे आकडे बहुधा त्यावरच निघतात. तेलही जवळजवळ सगळं स्निग्ध, तूपही. म्हणजे 'तेलात कमी, तुपात जास्त' हे खरं असेल तर दोष तुपाचा नसून चमच्याचा आहे.

आणि चमच्याविषयी मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

'एक चमचा तूप' हे माप कुणी काढलं, तो मला भेटायला हवा. आमच्या घरात एकूण सात चमचे आहेत आणि त्यातले दोन एकमेकांसारखे नाहीत. चहाचा, पोह्याचा, आजीच्या काळातली पितळी पळी, सौ.च्या माहेरून आलेला खोलगट, श्रीखंडाच्या डब्याबरोबर फुकट आलेला प्लॅस्टिकचा, एक वाकलेला ज्यानं आम्ही डबे उघडतो, आणि एक जो कुठल्या तरी लग्नातून चुकून आमच्याबरोबर घरी आला. पुस्तकातला चमचा पाच मिलीलिटरचा. त्यात पातळ तूप साडेचार ग्रॅम बसतं, म्हणजे चाळीस कॅलरी. हे झालं पुस्तकात. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं पारशिवनीचा डिसेंबर बघितलेला नाही. पेंचकडून सकाळी असं वारं येतं, की बरणीतलं तूप रवाळ आणि घट्ट होऊन बसतं. त्यात चमचा रोवून उचलला, की वर टेकडी येते. मी तीच मोजली: खोलगट चमचा, डिसेंबर, पंधरा ग्रॅम. तोच चमचा मे महिन्यात बुडवला तर तूप पाण्यासारखं पातळ, शीग लागतच नाही, काठोकाठ भरला तरी सात ग्रॅम. म्हणजे त्याच घरात, त्याच हातानं, त्याच चमच्यानं 'एक चमचा तूप' उन्हाळ्यात त्रेसष्ट कॅलरींचं आणि हिवाळ्यात एकशे पस्तीसचं. आम्ही विदर्भातली माणसं थंडीत अंगानं भरतो ते हवेमुळे असं आजवर मी समजत होतो. हवेमुळेच भरतो, पण ती हवा आधी बरणीत शिरते.

बरं, तेलाला हे लागू नाही. तेल बारमाही पातळ, त्याची टेकडी होत नाही. शिवाय तेल ओतताना हात आपोआप आवरतो, कारण त्याचे पैसे मोजलेले असतात. तूप घरच्या सायीचं, त्याला भाव नाही, म्हणून त्याला हातही नाही. आणि चमच्याचा दुसरा अर्थ घ्यायचा तर आमच्या चौकातला तो फ्लेक्सही चमच्यांनीच लावला होता. असो. अंडी थंड होतात.

दुसरा दिवस हाफ फ्रायचा. तवा कोरडा 640 ग्रॅम. तेल बारा ग्रॅम. दोन अंडी फोडली, कडा जाळीदार झाल्या, ताटात घेतली. तव्यात उरलेलं तेल मोजून बारातून वजा करायचं, म्हणजे पोटात किती गेलं ते कळणार. पण तापलेला तवा काट्यावर ठेवला तर काटा बिघडतो, म्हणून तो निवायला ओट्यावर ठेवून मी खायला बसलो. अर्ध्या तासानं मोजला: 640.

म्हणजे तेल शून्य उरलं. म्हणजे बाराच्या बारा ग्रॅम अंड्यांनी प्यायलं. 143 अधिक 108, एकूण 251. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी तुपातली भुर्जी, तीही बिनकांद्याची, कारण कांद्यानं प्रयोग बिघडतो (सौ. म्हणाली, "बिनकांद्याच्या भुर्जीला आमच्याकडे भुर्जी म्हणत नाही जी, आजारी माणसाचं जेवण म्हणतात"). तूप पंधरा ग्रॅम, नंतर तवा पुन्हा 640. एकूण 278.

माझ्या हातून काहीतरी मोठं घडतंय असं मला वाटू लागलं. अंडं हे स्निग्ध पदार्थ पूर्णपणे शोषून घेतं! हजेरीपटाच्या पानावर मी 'निष्कर्ष' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. शाळेतल्या तरुण शिक्षकांसमोर एक छोटंसं भाषण द्यावं, असंही मनात आलं. आरशासमोर मी ते एकदा म्हणून पाहिलं, पोट आत घेऊन.

एवढा पस्तीस वर्षांचा अनुभव, पण साधी गोष्ट ध्यानात आली नाही. तेलाचा तवा कधी कोरडा होत नसतो. नुसतं बोट फिरवलं तरी चकाकी राहते. ज्या तव्यात तळण झालं त्याचं वजन कोरड्या तव्याइतकं ग्रॅमला ग्रॅम जुळत असेल, तर निसर्गनियम सापडलेला नसतो, कुणीतरी तवा पुसलेला असतो. हेच उत्तर आठवीतल्या पोरानं वहीत लिहिलं असतं तर मी लाल शाईनं विचारलं असतं, 'खरंच मोजलंस का?'

पाचव्या दिवशी पाणी प्यायला उठलो म्हणून दिसलं. सौ. ओट्याशी उभी. हातात कालच्या पोळीचा चतकोर. त्यानं ती तवा गोल गोल पुसत होती, कडेला धरलेली खरवड नखानं सोडवत होती, आणि खात होती. शेजारी वाटीत माझे सकाळचे दोन बलक, मीठ-तिखट लावलेले.

"हे काय?"

"नाश्ता," ती म्हणाली. "काय झालं?"

मी काही बोललो नाही. माझ्या वहीत सगळे रकाने माझ्या नावाचे होते. मी टाकलेला बलक कुठे जातो, तव्यातलं तेल कुठे जातं, ह्यासाठी रकानाच नव्हता. कॅलरी नाहीशा होत नाहीत, एवढं तर मी दरवर्षी शिकवलं. आणि घरातलं एक माणूस अठ्ठावीस वर्षं उभ्यानं नाश्ता करतंय, हे कळायला मला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागला.

सहाव्या दिवशी मी तव्याशी पहारा दिला. हाफ फ्रायनंतर तवा भरला 646. सहा ग्रॅम तव्यात, सहा पोटात; म्हणजे 143 अधिक 54, एकूण 197. अंड्याची एकच बाजू तेलावर बसते, उरलेलं तेल कडेला निथळतं. भुर्जीचं तसं नाही. ढवळताना तूप प्रत्येक गोळ्यात शिरतं, बलकातलं लेसिथिन त्याला धरून ठेवतं आणि कडेला निथळायला फारसं काही उरत नाही. तिथेही तवा 646 भरला, पण त्या सहा ग्रॅम खरवडीत अंडं किती आणि तूप किती, हे काटा सांगत नाही. सगळं तूप धरलं तर माझ्या वाट्याला सव्वादोनशे, सगळं अंडं धरलं तर दोनशे सत्तरच्या जरा आत. त्यात काटा एका ग्रॅमनं चुकला तर नऊ कॅलरी इकडच्या तिकडे. पुतण्याला हे कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे काका, उकडलेलंच बरं ना?" मी म्हटलं, हो. एवढ्यासाठी सहा दिवस.

त्या दिवशी मी अपराधी चेहऱ्यानं सौ.ला म्हणालो, "उद्यापासून तू आधी बस. भुर्जी तुला. तवा मी पुसतो."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काही नको. तव्यात मुरलेलं तूप, तळाला लागलेली खरवड, वरून मीठ — सगळ्यात चांगला घास तो असते जी. अठ्ठावीस वर्षं कुणाला कळू दिला नाही, तो आता तुम्हाला देऊ?"

"मग निदान बसून खा."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग पायानं स्टूल ओढला, ओट्याशी लावला आणि तवा मांडीवर घेऊन बसली.

हजेरीपटात मी एक रकाना वाढवला आहे. वर तिचं नाव आहे. खाली आकडा लिहायला ती तवा काट्यावर ठेवू देत नाही.