रेंज मिळणेबाबत विनंती अर्ज

कोकणातील एखाद्या शेतकरी वाडीत मोबाइलची रेंज पोचावी म्हणून करावयाचा अर्ज बहुधा त्या वाडीत लिहिला जात नसून कांदिवलीत, चारकोपच्या एखाद्या सोसायटीत रविवारी भरणाऱ्या गावाच्या मुंबई मंडळाच्या सभेत लिहिला जातो. आणि ज्या सभासदांनी स्वतःच्या गच्चीवरील टॉवरला लहरींच्या धास्तीने विरोध केलेला असतो, तेच गावच्या शाळेमागची जागा मोठ्या मनाने सुचवतात. या लहरींची मर्यादा भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणलेली आहे, परंतु हा दिलासा इतिवृत्तात केवळ गावापुरता नोंदवला जातो.

अर्जाचे पहिले पान ग्रामदैवत, माजी सैनिक आणि गणपतीला येणारे चाकरमानी यांनी भरते, तर ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतातील उभ्या पिकाची मोबाइलवरून करावयाची आणि शेवटी नेटवर्कशिवाय पुढे न जाणारी नोंद शेवटच्या ओळीत अंग चोरून उभी राहते. एक प्रत ग्रामपंचायतीस, एक कंपनीस. ग्रामपंचायत रेंज देऊ शकत नाही. ती ठराव आणि जागा देऊ शकते. कंपनी गिऱ्हाईक मोजते, आणि ते भरत नाही अशा गावांसाठीच केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2022 मध्ये 26,316 कोटी रुपयांची, 24,680 गावांत 4जी पोचवण्याची योजना मंजूर करून ती बीएसएनएलकडे सोपवली. तेव्हा गाव त्या यादीत आहे काय, हा पहिला प्रश्न. मात्र तो विचारल्यास अर्ज अर्ध्या पानात संपेल, ही मंडळाची अडचण समजण्याजोगी आहे.

खरा पेच जागेचा असतो. टॉवरला वीज तर लागतेच, शिवाय त्याला पुढच्या टॉवरशी जोडणारा दुवाही लागतो, आणि जेथे फायबर गेलेली नाही तेथे हा दुवा मायक्रोवेव्हचा, म्हणजे दोन तबकड्यांनी एकमेकींना आडकाठीवाचून समोरासमोर पाहण्याचा असतो. वाडीत विजेचा खांब आहे, पण ती दरीत असल्याने मध्ये डोंगर आडवा येतो. वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, नजर मोकळी आहे पण खांब नाही. दुवा अरुंद ठेवला तर फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसूनही इंटरनेट चालत नाही. बॅटरी दुबळी असली तर वीज गेल्यावर थोड्याच वेळात रेंजही जाते, आणि कोकणातील पावसाळ्यात हा योग दुर्मीळ नाही.

म्हणून कामाचा अर्ज सड्यावरील जागेचे अक्षांश-रेखांश, जवळच्या खांबापर्यंतचे अंतर आणि सातबारा एवढेच मागतो. जागा साधारण दोन गुंठे, म्हणजे सुमारे 200 चौरस मीटर, पुरते. परंतु सड्याचा सातबारा सामाईक असून त्यावरील बहुतेक सहहिस्सेदार कांदिवलीतच राहतात. अर्जावर सर्वांत आधी सही करणारी ही मंडळी संमतिपत्र पुढे येताच चष्मा काढून ठेवतात आणि भाडे महिन्याला किती व कोणाच्या नावावर, एवढेच विचारतात.