ड्यूटीचा मेसेज कधी टाकावा? नव्या सुपरवायझरांसाठी सोपी पद्धत

अभिनंदन! भोसरीच्या कारखान्यात तुम्ही सुपरवायझर झालात. पूर्वी पाळ्यांचा तक्ता गेटजवळच्या फळ्यावर लागायचा आणि तो वाचायला माणसाला फळ्यापर्यंत यावं लागायचं. आता व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, म्हणजे फळाच त्याच्या उशाशी असतो. त्याचा पुरेपूर उपयोग कसा करायचा ते शिकून घ्या.

1. घड्याळ फक्त स्वतःचं पाहा. तुमची जनरल शिफ्ट, त्यामुळे सकाळी अकराची वेळ तुम्हाला अगदी सभ्य वाटेल. तिसऱ्या पाळीचा माणूस रात्री बाराला मशिनवर उभा राहतो, सकाळी सातला सुटतो, आठला घरी पोचतो आणि नऊला खिडकीला चादर लावून आडवा होतो. त्याचे अकरा म्हणजे तुमचे रात्रीचे एक. संध्याकाळी पाचनंतर टाकलात तर तो उठलेला असेल, मेसेज वाचेल, उत्तरही देईल. मग ‘ही पोरं मेसेजच बघत नाहीत’ ही तक्रार साहेबांपुढे कशी करणार?

2. बदल तुम्हाला कळला म्हणून लगेच सांगू नका. समजा, मंगळवारी दुपारी चारला प्रेसवरचा ऑपरेटर म्हणाला, ‘उद्या फर्स्टला येत नाही, आईला दवाखान्यात न्यायचंय.’ उद्याची पहिली पाळी सकाळी सातची. बदली माणूस सेकंड शिफ्टमध्ये तुमच्यासमोरच काम करतोय आणि रात्री बारापर्यंत तिथेच असणार. चहाच्या सुट्टीत जाऊन विचारायचा मोह होईल, तो आवरा. तो ‘नाही’ म्हणू शकतो, आणि मग दुसऱ्या कुणाला विचारायला तुमच्याकडे भरपूर वेळ उरेल. त्यात कसली मजा?

रात्री 11.40 ला मेसेज टाका: ‘उद्या फर्स्टला यावे.’ त्याचा मोबाइल लॉकरमध्ये असतो. साडेबाराला कंपनीच्या बसमध्ये त्याला तो दिसेल. एकला घर, दोन घास, दीडला झोप. सकाळची बस चौकात सहा दहाला येते, म्हणजे साडेपाचला उठणं आलं. चार तासांच्या झोपेवर माणूस पॉवर प्रेसमध्ये हात घालणार. काळजी वाटत असेल तर मेसेजखाली हात जोडल्याची इमोजी लावा.

3. वार मोघम ठेवा. ‘गुरुवारी रात्री 12 ला या’ हे वाक्य पाठ करा. बुधवार संपतानाचे बारा की गुरुवार संपतानाचे? निम्मे आज येतील, निम्मे उद्या, आणि चूक कुणाचीच नसेल. ‘बुधवारी रात्री अकरा पंचावन्नला गेटवर’ असं लिहिलं तर शंका विचारायला कुणी फोनच करणार नाही, आणि तुम्हाला एकाकी वाटेल.

4. साप्ताहिक सुट्टी हीच खरी वेळ. आपल्या पट्ट्यात ती बऱ्याच ठिकाणी गुरुवारी असते. पुढच्या आठवड्याचा तक्ता बुधवारी माणसं समोर असताना लावायचा नाही. गुरुवारी पोहे खाताना सुचेल तसा एकेक ओळ करून टाकायचा, शेवटी ‘फक्त माहितीसाठी’ लिहायचं. सुट्टी मोडली असं कुणी म्हणू शकत नाही, कारण कामावर कुठे बोलावलंय?

इथे एक बारकावा आहे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतल्या कामगाराची सुट्टी त्याची पाळी संपल्यापासून सलग 24 तास धरायची, असं 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 57 मध्येच लिहिलं होतं. गुरुवारी सकाळी सातला सुटलेल्याची सुट्टी शुक्रवारी सकाळी सातपर्यंत. असल्या गोष्टी वाचत बसू नका, झोप उडते. तुमची. कामाच्या वेळेबाहेर मालकाचा फोन न घेण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. घाबरू नका, त्याचा कायदा झाला नाही.

5. एका माणसाचं काम असलं तरी मेसेज ग्रुपवरच टाका. खरंच मशिन बंद पडलं असेल तर ज्याची गरज आहे त्या एकालाच फोन करणं, हा जुन्या फोरमनचा मार्ग झाला. त्यात बाकीचे झोपून राहतात आणि रात्री दोनला तुम्ही जागे होतात याचा पुरावाही मागे राहत नाही.

दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर नुसतं प्रश्नचिन्ह टाका. तरीही शांतता असेल तर खचून जाऊ नका. भरतीच्या फॉर्मवर ‘आपत्कालीन संपर्क’ असा रकाना असतो, त्यात त्याच्या बायकोचा नंबर आहे.