भोक कशामुळे पडलं?

मी बी.कॉम. लोखंडाशी माझा संबंध ते टनाने घेणं आणि किलोने विकणं, एवढाच. तरीही आमच्या फाउंड्रीसाठी मेथड्स इंजिनिअर निवडायचं काम मालकांनी माझ्यावर टाकलं. ‘तुम्हाला माणसं कळतात,’ असं ते म्हणाले. माणसं कळतातही, पण वितळलेलं लोखंड कळत नाही, आणि या नोकरीत तेच कळायला हवं होतं.

पहिला उमेदवार पाऊण तास बोलला. कार्बन इक्विव्हॅलंट, पर्मिअ‍ॅबिलिटी, इनॉक्युलेशन. कीर्तनातल्या संस्कृत श्लोकाला डोलावी तशी मी मान डोलावत होतो. शेवटी कागदावर ‘सखोल ज्ञान’ असा शेरा मारला आणि लगेच लाज वाटली. सखोल होता तो त्याचा आवाज.

मग एक युक्ती सुचली. गिऱ्हाइकाने परत पाठवलेलं बेअरिंग हाउसिंगचं एक कास्टिंग मी फेटलिंगमधून मागवून टेबलावर ठेवलं. मशिनिंग करताना त्याच्या जाड भागात भोक उघडं पडलं होतं. उत्तर माझ्याकडे तयार होतं. आमच्या जुन्या फोरमनमामांनी सहा महिन्यांपूर्वीच फायलीत लिहून ठेवलं होतं, ‘वाळूत ओल जास्त.’ साच्याच्या वाळूतल्या पाण्याची वाफ होताना ते सोळाशे-सतराशे पट फुगतं. या वाफेला वाळूतून बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती लोखंडात शिरते आणि भोक पडतं. प्रश्न माझा, उत्तर मामांचं. परीक्षक म्हणून माझी मान ताठ.

दुसऱ्या उमेदवाराने लांबूनच बघितलं आणि म्हणाला, ‘ब्लो होल. वाळूत ओल.’ पैकीच्या पैकी! मला त्याला तिथेच पेढा द्यावासा वाटला.

तिसरा आला, तो आधी काही बोललाच नाही. खिशातून भिंग काढून भोकात बघत राहिला. मी दोनदा घड्याळ बघितलं. मग त्याने विचारलं, ‘सर, प्रत्येक नगाला भोक इथंच पडतं?’

रिजेक्शनचं रजिस्टर हे माझं माहेर. बघून सांगितलं, हो, इथंच.

‘मग वाफेवर माझा संशय कमी आहे. वाफेचा बुडबुडा पत्ता विचारून रोज एकाच घरी जात नाही. शिवाय त्याचं भोक आतून गुळगुळीत असतं. हे खरखरीत आहे, बघा.’ भिंगातून मलाही ते खडीसाखरेसारखं दिसलं. ‘लोखंड थिजताना आकसतं. जाड भाग सगळ्यात शेवटी थिजतो, तेव्हा त्याला रायझरमधून पातळ लोखंड मिळत राहिलं पाहिजे. रायझरचा गळा आधीच थिजला, तर जाड भाग उपाशी राहतो. हे श्रिंकेज वाटतंय. पण कोरमधला गॅसही एकाच जागी येऊ शकतो, म्हणून नक्की सांगत नाही. इथं कापा. माझं बरोबर असेल तर भोकाच्या खालीसुद्धा स्पंजासारखी जाळी दिसेल.’

माझ्या उत्तरपत्रिकेप्रमाणे तो नापास होता. तरी हॅकसॉवर कास्टिंग कापायला पाठवलं. तेवढ्यात त्याने विचारलं, यावर तुम्ही काय उपाय केलात? मी अभिमानाने सांगितलं की, सहा महिने वाळूतली ओल कमी करतोय.

तो जरासा थांबला. ‘मग साच्याच्या कडा भुसभुशीत होऊन वाळू पडल्याचं रिजेक्शन वाढलं असेल?’

मी रजिस्टर पुन्हा उघडलं. ‘सँड इन्क्लूजन’चा रकाना सहा महिने चढत गेला होता. तो मीच दर महिन्याला बेरीज करून वर पाठवत होतो आणि कारणाच्या जागी ‘कामगारांचा निष्काळजीपणा’ असं लिहीत होतो.

कापलेले तुकडे आले. भोकाखाली जाळी होती, अगदी अनरशासारखी.

श्रिंकेज म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं आणि आजही फारसं ठाऊक नाही. पण कापायच्या आधी सांगितलेलं कापल्यावर खरं निघालं, हे बी.कॉम.लाही कळतं. पहिल्या दोघांनी असं काहीच सांगितलं नव्हतं, जे खोटं ठरू शकलं असतं. दुसऱ्याच्या कागदावरचे पैकीच्या पैकी मी हळूच खोडले. मामांना निकाल सांगायला मात्र दोन दिवस आणि दोन चहा लागले.

तिसरा रुजू झाला. रायझरचा गळा जाड केला, ओल पूर्वीइतकी केली. आता कोरशॉपसाठी माणूस घ्यायचा आहे आणि मुलाखती पुन्हा माझ्याकडेच आहेत. फेटलिंगमधून नवीन रिजेक्ट कास्टिंग आणायला सांगितलंय, आणि त्याच्याच जोडीचं दुसरं आधी कापून बघायलाही.