पुष्पकमधून आभारपत्र

प्रिय काका आणि काकू,
सा. न. वि. वि.

'तीर्थरूप' लिहिलं असतं तर होकार गृहीत धरल्यासारखं दिसलं असतं आणि 'श्रीयुत' लिहिलं असतं तर सोसायटीने थकबाकीची नोटीस पाठवलीय असं वाटलं असतं. म्हणून 'प्रिय'. तुमच्या मुलीलाही मी अजून इतक्या उघडपणे 'प्रिय' लिहिलेलं नाही.

पुष्पक एक्सप्रेस आत्ताच भुसावळ सोडून निघाली आहे. काकू, तुम्ही दिलेला डबा अजून संपलेला नाही. पुऱ्या, सुका बटाटा, भरल्या मिरचीचं लोणचं आणि वर थालीपिठं. मी एकटा जातोय हे तुम्हाला माहीत होतं, तरी डबा पूर्ण डब्याला पुरेल एवढा आहे. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी दोन थालीपिठं खाऊन "मुलगी कुठली?" असं विचारलं. मी लखनौ म्हणालो. ते थालिपिठाकडे बघत गप्प झाले.

जेवणाचे आभार मानायचे तर आधी एक खुलासा हवा. आमच्या डोंबिवलीत पाहुण्याने एकदा 'नको' म्हटलं की यजमान भांडं उचलतो आणि दोघंही सुटतात. तुमच्याकडे पहिला 'नको' हा पाहुण्याचा शिष्टाचार, दुसरा त्याचा विनय आणि तिसऱ्याचा अर्थ 'थोडंसं वाढा' असा धरतात, हे मला जेवण अर्ध्यावर आल्यावर कळलं. तोवर पानात तीन प्रकारचे कबाब आणि त्यांच्या शेजारी अळूची भाजी होती. अळू लखनौत कुठून आणलंत हे विचारायचं राहिलं. पान रिकामं केलं की पुन्हा भरतं, तेव्हा एक घास शिल्लक ठेवायचा, ही युक्ती मला तुमच्या मुलीने शेवटच्या दिवशी सांगितली. तिला ती पहिल्या दिवशीही माहीत होती.

काका, तुमचे आभार मात्र वेगळे. पहाटे मला उठवून तुम्ही चौकात गोल दरवाज्यापाशी घेऊन गेलात आणि मक्खन मलई खाऊ घातलीत. उकळून गार केलेलं दूध थंडीत रात्रभर उघड्यावर ठेवायचं, त्याला दव लागू द्यायचं, पहाटे घुसळायचं आणि वर येणारा फेस हलक्या हाताने काढून घ्यायचा. मग केशर, पिस्ता, साखर. ऊन चढलं की फेस बसतो, म्हणून एवढ्या पहाटे निघायचं. हे सगळं तुम्ही इतकं रंगवून सांगितलंत की त्यामागचा डाव माझ्या लक्षात आला नाही. मलई जिभेवर ठेवताच नाहीशी होते. चावायचं काहीच नसल्याने 'तोंडात घास आहे' ही सबब जावयाच्या उमेदवाराला मिळतच नाही.

तुम्ही सरळ एकही प्रश्न विचारला नाहीत. "आपल्याकडे पाणी किती वेळ येतं?" म्हणजे घर भाड्याचं की स्वतःचं. "लोकलमध्ये आपल्याला बसायला मिळतं का?" म्हणजे नोकरी कुठे आणि घरी परत किती वाजता. "सकाळचा चहा घरात कोण करतं?" या प्रश्नावर मी थांबलो. खरं उत्तर 'बाबा' असं आहे. ते सांगितल्यावर तुम्ही दुसरा द्रोण मागवलात, त्याअर्थी ते बरोबर असावं. तुम्ही माझ्याशी बोलताना दर वाक्यात 'आपण' म्हणत होता, त्यामुळे शेजारी आणखी कोणी उभं आहे का, हे मी दोनदा वळून पाहिलं.

आजींचं तसं नाही. त्या सांगलीच्या. घरात पाऊल टाकताच त्यांनी "पगार किती?" असं विचारून टाकलं. खरं सांगतो, फार मोकळं वाटलं. पुढचा तास त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली: 1926 मध्ये भातखंड्यांच्या प्रयत्नांनी लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झालं, पुढे वीसेक वर्षांनी आजोबा तिथे गाणं शिकायला आले आणि परत गेलेच नाहीत. आमच्या बाबांना 'लखनौची मुलगी' म्हणताच शंका आली होती. ही गोष्ट सांगितली की त्यांची शंका मिटेल. पगाराचा आकडा आजींनी घरात कोणाला सांगितला असेल तर तो वार्षिक नव्हे, मासिक आहे, एवढं कृपया स्पष्ट करावं.

मी आणलेली बाकरवडी तुम्ही मोठ्या अदबीने कपाटात ठेवलीत. ती खाण्यासाठी आहे.

आई-बाबांना मलईबद्दल फोनवर सांगितलं. दोघांनाही लखनौला येऊन ती खायची फार इच्छा आहे. तुम्हीच म्हणालात की थंडी सरली की मलई मिळत नाही, आणि आज जानेवारीची वीस तारीख आहे. बाकी निर्णय सर्वस्वी आपला.

आपला नम्र,
(तूर्तास) पाहुणा