चार सुया की एक वायर?

मोजा विणायला घेतला की पहिली अडचण येते ती त्याच्या घेराची. मोठ्या माणसाचा पाय चवड्याशी साधारण २२ सेंटिमीटर भरतो. मोजा पायावर जरा ताणून बसायला हवा, नाहीतर चालता चालता तो बुटात गोळा होतो, म्हणून विणायचा तो २० सेंटिमीटरचा. दहा सेंटिमीटरमध्ये ३२ टाके बसतील इतकी बारीक लोकर घेतली, तर हिशेब सरळ आहे: ६४ टाके. आता हे ६४ टाके ठेवायचे कुठे? दुकानात सहज मिळणारी सर्वांत आखूड गोल सुई ४० सेंटिमीटरची. तिच्यावर टोपी सुखाने होते, पण २० सेंटिमीटरचं विणकाम कितीही ताणलं तरी तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नाही. स्वेटरच्या बाहीचंही हेच रडगाणं.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत आणि विणणाऱ्या बायकांत (पुरुषांतही, पण ते फारसे भांडत नाहीत) त्यांचे दोन पक्ष आहेत. जुना पक्ष दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांचा. चार सुयांवर सोळा-सोळा टाके वाटून द्यायचे आणि पाचवीने विणत जायचं. नव्या पक्षाची मॅजिक लूप. ८० किंवा १०० सेंटिमीटरची एकच लांब गोल सुई घ्यायची, टाके बत्तीस-बत्तीस असे अर्धे करायचे आणि दोन अर्ध्यांच्या मधून वायरचा फास बाहेर ओढून ठेवायचा. समोरचे टाके सुईवर, मागचे वायरवर. मागची सुई ओढून मोकळी करायची, समोरचे बत्तीस विणायचे, काम फिरवायचं, पुन्हा ओढायचं.

वयाचा मान बघायचा तर जुना पक्ष फारच पुढे आहे. इसवी सन १४००च्या सुमारास जर्मनीत मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या कार्यशाळेत रंगवलेलं एक वेदीचित्र आज हाम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. त्यात मेरी बाळ येशूसाठी अंगरखा विणते आहे, आणि तोही गोलात, चक्क अनेक सुयांवर. बाळ शेजारी पुस्तक घेऊन पडलं आहे. मॅजिक लूपची पुस्तिका बेव्हर्ली गॅलेस्कस यांनी अमेरिकेत काढली ती २००२मध्ये, आणि ही युक्ती आपल्याला सेरा हाउश्का यांनी दाखवली हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. म्हणजे एका बाजूला सहा शतकं आणि दुसऱ्या बाजूला दोनेक दशकं. आमच्या मावशीला हा मुद्दा सांगितला तेव्हापासून ती वादात थेट मेरीलाच साक्षीला बोलावते.

मावशीच्या सुया लोखंडी, १३ नंबरच्या. जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते. १३ नंबर म्हणजे सव्वादोन मिलिमीटर. त्या सुयांचा आवाज मावशीला आवडतो. माझी भाची मात्र त्यांना हात लावत नाही. "अगं मावशीआजी, एक विणायची आणि चार सांभाळायच्या, हा कसला संसार?" असं ती म्हणते. तिचं अगदीच खोटं नाही. लोखंडी सुई गुळगुळीत, विणकाम हलकं. मोजा जरा तिरका धरला की रिकामी होत आलेली सुई सरकन खाली जाते, आणि रेल्वेच्या डब्यात गेली तर नेमकी समोरच्या बाकाखाली, कुणाच्या तरी पिशवीमागे. बांबूच्या किंवा लाकडी सुया टाके धरून ठेवतात, म्हणून शिकणाऱ्याने त्याच घ्याव्यात. मावशीचं उत्तर ठरलेलं: "तुझी ती वायर बघ, चहाच्या कपात बुडतेय."

वायरची तक्रारही खरी आहे. मॅजिक लूपचं सगळं सुखदुःख वायरवर असतं. पाकिटात गुंडाळून आलेली जाड, ताठ वायर पुन्हा पुन्हा कुरळी होते आणि तिचा फास टाक्यांना दोन्ही बाजूंनी ताणत राहतो. गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून सरळ धरली तर ती बरीच नरमते. त्याहून वाईट म्हणजे सुई आणि वायर जिथे जोडलेल्या असतात तिथला खडबडीत सांधा. प्रत्येक फेरीत टाके त्याच्यावरून ढकलत न्यावे लागतात, आणि ६४ टाक्यांच्या फेऱ्या मोज्यात शंभराच्या पुढे जातात. स्वस्तातली गोल सुई घेऊन मॅजिक लूपला नावं ठेवणारे बरेच जण खरं तर त्या सांध्यालाच नावं ठेवत असतात.

पण हे झालं सोयीचं. खरं भांडण आहे ते शिडीचं. मोजा हातावर ताणून उजेडात धरला की कधी कधी एका उभ्या रेषेत टाक्यांच्या मधे आडव्या धाग्यांच्या पायऱ्या दिसतात, तीच शिडी. एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथे दोन सुया एकमेकींपासून कोन करून उभ्या असतात, आणि त्या कोनात अडकलेला धागा बाकीच्या ठिकाणांपेक्षा थोडा लांब जातो. पुढच्या फेरीत पुन्हा तिथेच, तसाच. चौकात जिथे रस्ते मिळतात तिथेच दरवर्षी खड्डा पडावा तसं हे आहे. चार सुयांवर असे चार चौक, मॅजिक लूपवर दोन. एवढ्यावर भाची विजय जाहीर करते. पण दोन चौकांवरचा खड्डा चारांपेक्षा खोल असू शकतो, कारण वायरचा फास तिथे टाके ओढून धरतो. आपली शिडी कोणत्या प्रकारची आहे हे मोजून कळतं. सगळ्या सांध्यांवर सारखी असेल तर हाताचा ताण सैल आहे. एकाच ठिकाणी असेल तर बहुधा तिथे फेरी सुरू होते आणि आपण तिथे दर वेळी थांबून चहा पितो.

उपाय म्हणून सगळे जण नव्या सुईवरचा पहिला टाका करकचून आवळतात. त्याने फारसं साधत नाही, कारण दुसरा टाका विणताना सुई बाहेर येते आणि आवळलेला धागा परत सुटतो. पहिला नेहमीसारखा विणावा आणि दुसरा टाका घालून झाल्यावर धागा हलकेच ओढावा. मग पहिला टाका आणि मधली जागा दोन्ही एकदम बसतात. फार ओढलं तर शिडीऐवजी घट्ट टाक्यांची रेघ उमटते, तीही काही शोभेची नव्हे. चार सुयांवर आणखी एक सोय आहे. प्रत्येक सुईवर पुढच्या सुईचे दोन टाके जास्त विणून घेतले की सांधा दर फेरीला दोन टाके सरकतो आणि ढिलाई मोज्याभर पसरून दिसेनाशी होते. सुरुवातीची खूण मात्र रंगीत दोऱ्याने लावून ठेवावी. काठाला दोन सुलट-दोन उलट असेल तर प्रत्येक नवी सुई सुलट टाक्याने सुरू होईल अशी वाटणी करावी. सोळा टाक्यांना चाराने भाग जातो, त्यामुळे ती आपोआप होते.

टाचेपाशी आलं की पक्ष जरा बाजूला ठेवावा लागतो. ६४पैकी ३२ टाक्यांवर टाचेची पट्टी ३२ ओळींची विणायची, टाच वळवायची, तिथे १८ टाके उरतात. मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून सोळा-सोळा उचलायचे. तळाचे झाले ५०, वरचे ३२, एकूण ८२. दर दुसऱ्या फेरीत दोन कमी करत अठरा फेऱ्यांनी पुन्हा ६४. हे कमी करणं तळ आणि वरचा भाग मिळतात त्याच दोन रेषांवर होतं, आणि मॅजिक लूपचे दोन सांधे बरोबर तिथेच असतात. मोजायची गरजच नाही, सुई संपली की कमी करा. इथे वायर फार शहाणी ठरते. पण त्याआधी, कडेचे टाके उचलताना, तिथल्या कोपऱ्याला वायरचा फास दोन्हीकडून खेचतो आणि घोट्याखाली भोक राहतं. त्या दोन-तीन फेऱ्यांपुरत्या आखूड सुया हातात घ्याव्यात, कोपरा त्यांच्यावर निवांत वळतो. मधेच साधन बदलायला काही बंदी नाही. फक्त जाडी तीच हवी आणि शक्यतो धातूला धातू, लाकडाला लाकूड, नाहीतर हाताचा ताण बदलून मोज्यावर पट्टा दिसतो.

बाहीची गोष्ट वेगळी, कारण तिला मागे अख्खा स्वेटर लटकलेला असतो. गळ्यापासून खाली विणलेल्या स्वेटरची बाही घ्या. दंडाशी ३० सेंटिमीटर, दहा सेंटिमीटरला २२ टाके, म्हणजे ६६. मनगटाशी २० सेंटिमीटर, म्हणजे ४४. बावीस टाके कमी करायचे, दर खेपेला दोन, म्हणजे अकरा वेळा. काठ सोडून बाही ३६ सेंटिमीटर आणि दहा सेंटिमीटरला ३० फेऱ्या धरल्या, तर १०८ फेऱ्यांत अकरा वेळा, साधारण दर दहाव्या फेरीला. आखूड सुयांवर स्वेटरचं वजन पडलं की कडेची सुई टाक्यांतून निसटते, आणि त्या वेळी कुणी हाक मारू नये. मॅजिक लूपवर टाके वायरवर सुरक्षित राहतात. स्वेटर पिळला जातो ही तक्रार मात्र दोघींपैकी कुणाहीविरुद्ध चालणार नाही. गोलात विणताना दर फेरीला बाही एक पूर्ण वळण घेते, सुई कोणतीही असो. स्वेटर मांडीवर सपाट ठेवून बाहीबरोबर फिरवावा, किंवा काही फेऱ्यांनी पीळ उलगडावा. काही जण अंग लांब होण्याआधीच बाह्या उरकून घेतात, ते मला फार समजूतदार वाटतात.

हातमोज्यांची बोटं मात्र मावशीच्याच हाती. सोळा-अठरा टाक्यांच्या बोटासाठी मीटरभर वायर दोनदा ओढत बसणं हा निव्वळ हट्ट आहे. तिथे चार आखूड सुयाच हव्यात, दहा-पंधरा सेंटिमीटरच्या, म्हणजे तळहाताला टोचणार नाहीत.

माझा निकाल असा: मोज्याच्या सरळ भागाला आणि स्वेटरच्या बाहीला मॅजिक लूप, टाचेच्या कोपऱ्याला आणि हातमोज्यांच्या बोटांना दोन्ही टोकांच्या सुया. नव्याने शिकणाऱ्याने एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ८० सेंटिमीटरची, नरम वायरची आणि गुळगुळीत सांध्याची गोल सुई घ्यावी. तिच्यावर दोन्ही पायांचे मोजे एकाच वेळी शेजारी शेजारी विणता येतात, त्यासाठी १०० सेंटिमीटरची घेतलीत तर आणखी बरं. ही सोय मावशीच्या सुयांवर नाही, आणि दुसरा मोजा कधीच पुरा न होणाऱ्या घरांत हा एकच मुद्दा पुरेसा आहे.